बेंझीन ब्रोमीनला दाद का देत नाही? 'रेझोनन्स' हे कारण की नुसतं नाव?

मधलीसुट्टी

मुलगी बारावीत आहे आणि सध्या घरात ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा मुक्काम आहे. मी मेकॅनिकलचा, रसायनशास्त्राशी संबंध डिप्लोमानंतर सुटला. परवा तिने विचारलं, "बाबा, इथिलीनमध्ये एकच दुहेरी बंध आहे तरी ते ब्रोमीन लगेच गिळतं. बेंझीनमध्ये तीन आहेत. मग ते तिप्पट तापट हवं ना?" पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं आहे: रेझोनन्समुळे बेंझीन स्थिर असतं.

यात कारण कुठे आहे ते मला दिसत नाही. स्थिर म्हणजे कशाच्या तुलनेत स्थिर? किती? ते मोजलं कसं? आणि इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यावर पसरले तर ऊर्जा कमी का व्हावी? मेकॅनिझमचे वाकडे बाण नकोत, ते तिला पाठ आहेत. त्याच्या आधीचं काहीतरी हवंय.

लोटेवाला

दादा, स्थिर कसलं? मी रसायनीपासून लोट्यापर्यंत प्लांटवर काम केलंय. बेंझीनचा फ्लॅश पॉइंट उणे ११ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडे भर थंडीतही त्याची वाफ ठिणगी मिळाली की पेट घेते. टँकर उतरवताना अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय आमचा सुपरवायझर व्हॉल्व्हला हात लावू देत नसे. पेटलं की काळा धूर, काजळीच्या चिंध्या हवेत तरंगतात. असल्या मालाला स्थिर म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

श्रावणसर

वाचतेय. मलाही कधी कळलं नाही हे.

परीक्षानळी

लोटेवाले, तुमचा मुद्दा धाग्याच्या विषयापासून जरा बाजूला आहे, पण सुरुवात त्यानेच करू, कारण 'कशाच्या तुलनेत' हा मधलीसुट्टी यांचा प्रश्न त्यातच दडलाय.

ऑक्सिजन समोर असेल तर बेंझीन अजिबात स्थिर नाही. इतकंच काय, ते ज्या कार्बन आणि हायड्रोजनपासून बनतं त्यांच्या तुलनेतही नाही. एक मोल द्रव बेंझीन हे ग्रॅफाइट आणि हायड्रोजन वायूपेक्षा सुमारे ४९ किलोज्यूलने वरच्या पातळीवर बसलेलं असतं. त्यामुळे 'बेंझीन स्थिर आहे' हे वाक्य तसंच सोडलं तर चूक आहे. बरोबर वाक्य असं: सहा कार्बनच्या कड्यात तीन साधे, एकमेकांशी देणंघेणं नसलेले दुहेरी बंध असते, तर त्या कल्पित रेणूच्या मानाने खरं बेंझीन बरंच खाली आहे.

किती खाली, ते हायड्रोजन घालून मोजता येतं. सायक्लोहेक्झीन घ्या. सहाचं कडं, एक दुहेरी बंध. त्यात एक रेणू हायड्रोजन घातला की सायक्लोहेक्झेन तयार होतं आणि मोलमागे साधारण १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मग तीन दुहेरी बंधांना ३६० पडायला हवी. बेंझीनपासून तेच सायक्लोहेक्झेन बनवलं की प्रत्यक्षात पडते २०८. दोन्हीकडे शेवट एकाच पदार्थावर होतो, म्हणजे जे सुमारे १५० किलोज्यूल कमी पडले ते बेंझीनकडे मुळातच नव्हते. हार्वर्डला जॉर्ज किस्तियाकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात ही मोजमापं फार काळजीने केली. तोच पुढे मॅनहॅटन प्रकल्पात स्फोटकांच्या विभागाचा प्रमुख झाला.

मला याहून जास्त पटतो तो पायरीपायरीचा हिशोब. बेंझीनमध्ये पहिला हायड्रोजन घातला तर सायक्लोहेक्झाडाइन होईल, दोन दुहेरी बंधांचं. या पायरीला उष्णता बाहेर पडतच नाही, उलट सुमारे २३ किलोज्यूल आत घालावी लागते. दुसऱ्या पायरीला ११२ बाहेर पडतात, तिसऱ्याला १२०. दुहेरी बंधात हायड्रोजन घालणं हा एरवी नफ्याचाच व्यवहार असतो. इथे पहिल्याच पायरीला खिशातून भरावे लागतात, कारण ती पायरी कडं मोडते.

लोटेवाला

हे मात्र जुळतंय बघा. सायक्लोहेक्झेनच्या प्लांटवर होतो मी काही काळ. निकेल कॅटॅलिस्ट, तापमान दोनशेच्या आसपास, वर हायड्रोजनचं प्रेशर. रिॲक्शन सुरू करायला इतका आटापिटा, आणि एकदा लागली की कूलिंग सांभाळता सांभाळता घाम फुटायचा. मधल्या पायरीचा माल सँपलमध्ये जवळजवळ दिसायचाच नाही. एक तर बेंझीन, नाहीतर पूर्ण सायक्लोहेक्झेन.

परीक्षानळी

अगदी बरोबर. पहिली पायरी चढाची, पुढच्या दोन उताराच्या. मधला पदार्थ तयार झाला की बेंझीनपेक्षा कितीतरी लवकर हायड्रोजन घेतो आणि संपतो. रुथेनियमचा उत्प्रेरक पाण्यात ठेवून सायक्लोहेक्झीनवर थांबण्याची पद्धत जपानमध्ये बसवली आहे, पण तो खास प्रयत्नांचा भाग. सहजासहजी थांबत नाही ते.

अकरावीब

मी सध्या अकरावीत. आमच्या क्लासमध्ये सांगितलं की बेंझीनमध्ये सिंगल आणि डबल बाँड सतत जागा बदलतात, इतक्या वेगाने की आपल्याला दीड-दीड बाँड दिसतात. पंखा फिरताना पाती दिसत नाहीत, गोल चकती दिसते तसं. म्हणूनच ब्रोमीनला डबल बाँड सापडत नाही. मला तर हे एकदम क्लिअर वाटलं.

परीक्षानळी

अकरावीब, दीड बंध हे बरोबर आहे, जागा बदलणं नाही. पंखा थांबवला तर पाती असतात. बेंझीन कुठल्याही क्षणी थांबवलं तरी त्यात एकेरी आणि दुहेरी बंध वेगवेगळे सापडणार नाहीत. कागदावर आपण दोन चित्रं काढतो ती आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची मर्यादा. रेणू एकच आहे.

वेगाने जागा बदलण्याची कल्पना खुद्द केकुलेने १८७२ मध्ये मांडली होती आणि त्याला तसं सबळ कारणही होतं. त्याचं १८६५ चं कडं एकाआड एक बंधांचं. त्यात शेजारशेजारच्या दोन कार्बनवर ब्रोमीन बसवलं तर दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत: एकात त्या दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. मिळायचा मात्र एकच. म्हणून तो म्हणाला, बंध अदलाबदल करतात. इलेक्ट्रॉनचाच शोध लागायचा होता, त्यामुळे याहून पुढे त्याला जाता येणार नव्हतं.

आता तुझ्या सरांच्या चित्राला वरचा हिशोब लावून बघ. बंध कितीही वेगाने अदलाबदल करोत, प्रत्येक क्षणी जर रेणूत तीन साधे दुहेरी बंध असतील तर प्रत्येक क्षणी त्याची ऊर्जा तीन साध्या दुहेरी बंधांचीच असणार. हायड्रोजन घातल्यावर ३६० पडायला हवेत. वेग वाढवल्याने १५० किलोज्यूल गायब होत नाहीत. अदलाबदलीचं चित्र बंधांची सरासरी लांबी सांगू शकतं, ऊर्जेबद्दल काहीच सांगू शकत नाही.

अकरावीब

पण सर, बाँडची लांबी तर क्ष-किरणांनीच मोजली ना? तीही सरासरीच असेल. मग फ्लिप होत नाही हे सिद्ध कसं झालं?

ऱ्हाइनकाठ

चांगली शंका आहे. क्ष-किरणांचं चित्र हे स्फटिकातल्या असंख्य रेणूंची सरासरी असतं हे खरं. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये लीड्सला हेक्झामिथिलबेंझीनच्या स्फटिकावरून कडं सपाट आणि सम आहे हे दाखवलं, तेव्हाही ती सरासरीच होती. पण दोन जागांमध्ये उड्या मारणारा अणू त्या चित्रात पसरट, लांबुळका दिसतो. बेंझीनच्या कार्बनचा तसा पसरटपणा उड्यांनी समजावून द्यावा इतका आढळत नाही. शिवाय वायुरूपातल्या रेणूंचे वर्णपट फार कमी काळातल्या हालचाली पकडतात, त्यांतूनही षट्कोन समच निघतो. साधा एकेरी बंध १.५४ अँगस्ट्रॉम, दुहेरी १.३४, आणि बेंझीनमधले सहाच्या सहा १.३९.

परीक्षानळी यांच्या १५० शी मात्र माझं भांडण आहे. त्याबद्दल सवडीने लिहितो.

डॉ_निशिगंध

अवांतर, पण राहवत नाही. वर कुणीतरी 'स्थिर' वाचून 'निरुपद्रवी' समजू नये. बेंझीनचा दीर्घकाळ संपर्क अस्थिमज्जेला मारतो, रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडे पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने १ टक्क्याहून जास्त चालत नाही ते त्याचमुळे.

आणि याचा संबंध तुमच्या विषयाशी आहेच. टोल्यूइन म्हणजे बेंझीनला चिकटलेला एक मिथिल गट. शरीरात गेलं की यकृतातली एन्झाइम्स त्या मिथिलवर हल्ला करतात, त्याचं बेंझॉइक आम्ल होतं, ते ग्लायसीनला जोडून हिप्युरिक आम्ल म्हणून लघवीवाटे जातं. कडं जसंच्या तसं बाहेर. बेंझीनला असा धरायला कोपरा नाही. यकृताला थेट कड्यालाच ऑक्सिजन लावावा लागतो, आणि त्यातून जी मधली संयुगं बनतात ती पेशींना भोवतात. कडं मोडणं अवघड असल्याची किंमत शरीर मोजतं.

श्रावणसर

डॉक्टर, म्हणजे नेलपॉलिश काढायचं थिनर, स्प्रे पेंट वगैरेत टोल्यूइन चालतं का मग?

डॉ_निशिगंध

टोल्यूइन निर्धोक नाही, मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. खिडकी उघडी ठेवा. बाकी वेगळा धागा काढा, इथे बेंझीन चालू द्या.

मधलीसुट्टी

मोजमापाचा भाग समजला, पायऱ्यांचा हिशोब तर फारच आवडला. आता दुसरा अर्धा. इलेक्ट्रॉन पसरले की ऊर्जा कमी का?

आणि मुलीचा उपप्रश्न: हे प्रयोगशाळेत दिसतं का? त्यांच्या कॉलेजात बेंझीन हाताळू देत नाहीत.

परीक्षानळी

आधी उपप्रश्न. बेंझीन देऊ नयेच. टोल्यूइन घ्यावं, कडं तेच आहे. एका नळीत सायक्लोहेक्झीन, दुसरीत टोल्यूइन, दोन्हींत थोडं ब्रोमीनचं पाणी, बूच लावून हलवायचं, फ्यूम हुडखाली. सायक्लोहेक्झीनच्या नळीतला नारिंगी रंग हलवता हलवता जातो, दोन्ही थर बिनरंगी होतात.

टोल्यूइनच्या नळीत मुलं हमखास फसतात. हलवून ठेवलं की खालचं पाणी फिकं पडतं आणि ते वहीत लिहितात, 'रंग गेला, अभिक्रिया झाली'. नळी डोळ्यासमोर धरून वरचा थर बघायचा. तो गडद नारिंगी झालेला असतो. ब्रोमीन कुठेही खर्च झालेलं नाही, पाण्यापेक्षा टोल्यूइनमध्ये जास्त विरघळतं म्हणून वर गेलं. नळी उन्हात मात्र ठेवू नका. उजेडात ब्रोमीन टोल्यूइनच्या मिथिलवर बसतं, बेंझिल ब्रोमाइड होतं, आणि मग वर्गभर डोळ्यांतून पाणी.

कोरड्या ब्रोमीनमध्ये लोखंडाचा चुरा टाकला तर बेंझीनसुद्धा वठणीवर येतं. पण तेव्हाही ब्रोमीन 'घालत' नाही, एका हायड्रोजनच्या जागी 'बदलून' घेतं. नळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरला की लाल होतो, कारण हायड्रोजन ब्रोमाइड बाहेर पडतो. सायक्लोहेक्झीन ब्रोमीन पोटात घेतं तेव्हा असा वायू निघत नाही. म्हणजे लोखंडाच्या जोरावर ब्रोमीन आत शिरलं तरी बेंझीन शेवटी आपलं कडं परत मिळवतं.

आता मुख्य प्रश्न. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडाल तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. हा क्वांटम सिद्धांताचा पायाच आहे, बेंझीनपुरता नाही. साध्या दुहेरी बंधातले ते वरचे दोन इलेक्ट्रॉन दोन कार्बनच्या मधे अडकलेले असतात. बेंझीनमध्ये सहाही कार्बनवर कड्याच्या पातळीला उभी अशी एकेक ऑर्बिटल असते, सगळ्या एकमेकींना समांतर, त्यामुळे प्रत्येक कार्बन दोन्ही शेजाऱ्यांशी सारखाच जुळतो. सहाही इलेक्ट्रॉनना सगळं कडं मोकळं. जागा वाढली, ऊर्जा उतरली. डीलोकलायझेशन ते हेच.

पण इतक्यावर थांबलं तर उत्तर अर्धंच राहतं. कारण मग प्रत्येक कडं बेंझीनसारखं वागायला हवं, आणि तसं होत नाही. चार कार्बनचं सायक्लोब्यूटाडाइन इतकं अस्थिर की एरवी ते काही केल्विन तापमानाला गोठलेल्या आर्गॉनमध्ये कोंडूनच बघावं लागतं. जरा ऊब लागली की दोन रेणू एकमेकांना चिकटतात. आठ कार्बनचं सायक्लोऑक्टाटेट्राइन विल्श्टेटरने १९११ च्या सुमाराला बनवलं, तेव्हा हा बेंझीनचा भाऊ निघेल अशी अपेक्षा होती. त्याने ब्रोमीन सरळ गिळलं.

मधलीसुट्टी

चार आणि आठ नाही, सहा मात्र हो. का?

परीक्षानळी

कंपासपेटी काढा. दोन एकक त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि त्यात षट्कोन बसवा, एक टोक बरोबर खाली येईल असा. प्रत्येक टोकाची उंची म्हणजे इलेक्ट्रॉनची एक ऊर्जापातळी. केंद्रातून आडवी रेघ मारा, ती शून्य. रेघेखाली जितकं खोल तितका फायदा.

षट्कोनात सगळ्यात खालचं टोक २ एकक खोल, त्याच्या वरची दोन टोकं १ एकक खोल. एका पातळीत दोन इलेक्ट्रॉन मावतात. सहा इलेक्ट्रॉन भरा: दोन गुणिले २ आणि चार गुणिले १, एकूण ८. सुट्ट्या दुहेरी बंधात दोन्ही इलेक्ट्रॉन १ एकक खोल असतात, म्हणजे बंधामागे २, तीन बंधांचे ६. बेंझीनला २ एकक फायदा.

आता चौकोन, तसंच एक टोक खाली. खालचं टोक २ खोल, पुढची दोन बरोबर रेघेवर. चार इलेक्ट्रॉन: दोन गुणिले २ आणि बाकीचे दोन शून्यावर. एकूण ४. सुट्टे दोन बंधही ४ च देतात. फायदा काही नाही, वर दोन इलेक्ट्रॉन सारख्याच उंचीच्या दोन जागांवर एकेकटे.

एरिक ह्युकेलने १९३१ मध्ये जे गणित मांडलं त्याचीच ही आकृती. खाली एक टोक, मग जोड्या. म्हणून पातळ्या पुऱ्या भरायला २, ६, १० असे इलेक्ट्रॉन लागतात.

मधलीसुट्टी

आकृती दोघांनी मिळून काढली. पण अष्टकोन काढल्यावर कन्येने मला गाठलं. तिचा हिशोब: दोन गुणिले २, चार गुणिले १.४१४, दोन शून्यावर. बेरीज ९.६६. सुटे चार बंध ८ देतात. म्हणजे १.६६ फायदा आहे! मग तो आठवाला रेणू स्थिर का नाही?

परीक्षानळी

शाब्बास, इथेच खरी गंमत आहे. तिला सांगा, तुलना बदलून बघ. सुट्ट्या बंधांशी नको, त्याच लांबीच्या उघड्या साखळीशी कर. एकाआड एक दुहेरी बंधांच्या उघड्या साखळीतही इलेक्ट्रॉन पसरतात, त्यालाही थोडा फायदा असतोच. प्रश्न असा की साखळीची दोन टोकं जोडून कडं केलं तर जास्तीचं काय मिळालं?

त्याच पद्धतीने सहा कार्बनच्या साखळीचं उत्तर येतं ६.९९. कडं केलं की ८. एका एककाची कमाई. चार कार्बनची साखळी ४.४७, कडं ४. तोटा! आठ कार्बनची साखळी ९.५२, कडं ९.६६. मिळकत ०.१४, नाममात्र. आणि तेवढ्यासाठी कडं सपाट ठेवायचं तर प्रत्येक कोन १३५ अंशांचा करावा लागतो, कार्बनला तिथे १२० हवे असतात. तो ताण परवडत नाही, रेणू वाकतो, आणि एकदा वाकला की शेजारच्या ऑर्बिटल समांतर राहत नाहीत. मग चार साधे दुहेरी बंध उरतात आणि ब्रोमीनला ते सापडतात.

इलेक्ट्रॉन पसरणं ही एक गोष्ट आणि कडं जोडल्यामुळे मिळणारा हा जादा फायदा ही दुसरी. ॲरोमॅटिक म्हणायचं ते दुसरीमुळे. पुस्तकातला 'रेझोनन्स' दोन्ही एकाच पोत्यात भरतो, म्हणून तुम्हाला ते नुसतं नाव वाटलं.

अकरावीब

सर, मग पाच कार्बनचं कडं? टोकं काढली तर खालची तीन रेघेखाली येतात, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन हवेत. पण कार्बन तर पाचच.

परीक्षानळी

म्हणून ते बाहेरून एक इलेक्ट्रॉन घ्यायला उत्सुक असतं. सायक्लोपेंटाडाइन हा नुसता हायड्रोकार्बन, तरी हायड्रोजन आयन सोडण्यात जवळपास पाण्याच्या तोडीचा आहे. सातच्या कड्याचं उलट, त्याला एक इलेक्ट्रॉन नकोसा होतो. डोअरिंग आणि नॉक्स यांनी १९५४ मध्ये ट्रॉपिलियम ब्रोमाइड ओळखलं. कार्बन आणि ब्रोमीनचं संयुग, पण पाण्यात विरघळतं, ईथरमध्ये नाही, आणि सिल्व्हर नायट्रेट घातलं की मिठासारखा लगेच साका देतं.

ऱ्हाइनकाठ

आता माझं भांडण. १५० हा आकडा मोजलेला नाही, वजाबाकीतून आलेला आहे, आणि वजाबाकीतली एक बाजू अस्तित्वात नसलेल्या रेणूची आहे. परीक्षानळी यांनी स्वतःच सांगितलं की साखळीशी तुलना केली तर फायदा कमी भरतो. सायक्लोहेक्झाडाइनमध्ये दोन शेजारी बंधांचा आपसातला फायदा ८ किलोज्यूलच्या आसपास आहे. तसे तीन शेजार धरून वजा केले तर १५० चे १२५ वगैरे उरतात. उलट बाजूने, तो कल्पित रेणू १.५४ आणि १.३४ अशा लांब-आखूड बंधांचा असणार. त्याला आधी ताणून-दाबून समभुज करावं लागेल, त्याला ऊर्जा लागेल. तेही धरलं तर डीलोकलायझेशनचा वाटा १५० पेक्षा बराच मोठा येतो. तेव्हा आकडा लिहिताना तुलना कशाशी केली तेही लिहायला हवं.

आणि याहून मोठी गोष्ट. बेंझीन समभुज कोणामुळे राहतं? सगळे धरून चालतात की पसरलेल्या सहा इलेक्ट्रॉनमुळे. शाइक आणि हिबर्टी या जोडीने १९८० च्या दशकात दाखवायला घेतलं की त्या सहा जणांना एकटं सोडलं तर ते लांब-आखूड बंधच पसंत करतील. समभुज ठेवतो तो खालचा साध्या एकेरी बंधांचा सांगाडा. याला एक प्रायोगिक खूणही आहे. बेंझीनला प्रकाश देऊन वरच्या अवस्थेत नेलं की पसरलेल्या इलेक्ट्रॉनची पकड सैल होते. एकाआड एक बंध लांब-आखूड करणारं कंपन तेव्हा सैल व्हायला हवं होतं. उलट ते ताठ होतं, १३०९ वरून १५७० च्या आसपास जातं, वर्णपटाच्या नेहमीच्या एककात.

परीक्षानळी

१५० बद्दल मान्य. म्हणूनच मला पायऱ्यांचा हिशोब जास्त पटतो, त्यात तीनही आकडे खऱ्या पदार्थांचे आहेत, कल्पित कोणी नाही. सांगाड्याचा मुद्दा वाचलेला आहे, मला पूर्ण पटलेला नाही. वरच्या अवस्थेतल्या कंपनाचा अर्थ लावताना दोन अवस्थांची सरमिसळ किती धरायची यावर बरंच अवलंबून आहे.

ऱ्हाइनकाठ

सरमिसळ हीच तर शाइक-हिबर्टींच्या मांडणीची गाभ्याची गोष्ट आहे. पण यावर इथे निकाल लागणार नाही, अजूनही लेख येतातच.

अकरावीब

मग बोर्डात काय लिहू?? 😀

परीक्षानळी

हायड्रोजनच्या उष्णतेचे आकडे लिही, सहाही बंध १.३९ लिही, सहा इलेक्ट्रॉन कड्यावर पसरलेले लिही. अदलाबदल लिहू नकोस. सांगाड्याचं भांडण एम.एस्सी.ला.

लोटेवाला

एक जुनी शंका. कोल टारमधून काढलेल्या बेंझीनला आम्ही गंधकाची टेस्ट लावायचो, थायोफीनसाठी. ते इतकं का सोबत येतं? डिस्टिलेशनने निघत कसं नाही?

परीक्षानळी

कारण तेही याच बिरादरीतलं. थायोफीन म्हणजे चार कार्बन आणि एक गंधक यांचं पाचाचं कडं. चार कार्बन चार इलेक्ट्रॉन आणतात, गंधक एकटा दोन. झाले सहा. उकळतं ८४ अंशांना, बेंझीन ८० ला, आणि वागायलाही इतकं सारखं की फॅरेडेने १८२५ मध्ये बेंझीन वेगळं केल्यावर अर्धशतकाहून जास्त काळ कोणाला त्याचा पत्ता नव्हता. आयसॅटिन आणि सल्फ्युरिक आम्ल घालून येणारा निळा रंग बेंझीनचीच ओळख मानला जायचा. १८८२ मध्ये झुरिकला व्हिक्टर मायर वर्गात तो प्रयोग दाखवत होता. त्या दिवशीचं बेंझीन कोल टारचं नव्हतं, बेंझॉइक आम्लापासून केलेलं होतं, आणि रंग आलाच नाही. त्या फसलेल्या प्रयोगाचा पाठपुरावा करताना त्याला थायोफीन सापडलं.

ते काढायची युक्ती तुम्हाला माहीत असेलच. थंड, तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर हलवायचं. थायोफीन बेंझीनच्या आधी आम्लाशी अभिक्रिया करतं आणि खालच्या थरात जातं.

लोटेवाला

हो, ॲसिड वॉश! खालचा काळा चिकट थर काढून टाकायचो आम्ही. त्यात थायोफीन जातं ते आज कळलं.

मधलीसुट्टी

कन्या विचारतेय: गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवला तर?

परीक्षानळी

फ्युरॅन. सहा इलेक्ट्रॉन तेही भरतात, पण ऑक्सिजन आपले दोन इलेक्ट्रॉन गंधकाइतके मोकळे सोडत नाही, त्यामुळे कमाई बरीच कमी. मॅलेइक ॲनहायड्राइड त्यात मिसळून साध्या तापमानाला ठेवलं तर ते साध्या डाइनसारखं त्याला जोडून पांढरे स्फटिक देतं. बेंझीन त्याच परिस्थितीत ढिम्म राहतं. त्यांच्या कॉलेजात फ्युरॅन असण्याची शक्यता कमी आणि तेही जपूनच हाताळायचं, पण पंचकोन काढून त्यात गंधक आणि ऑक्सिजनसाठी ही टोकं कशी सरकतील यावर तिने डोकं चालवून बघावं. वर्तुळाची युक्ती तिथे जशीच्या तशी चालत नाही, सगळे कोपरे सारखे असतील तरच ती लागू होते.